साहेब रजेवर, पीओ अडकलेले: सॅपमधली बदली का चालत नाही

चाकणच्या एका कारखान्यात मी सॅपचा खरेदी विभागाचा सपोर्ट बघतो. गणपती, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी या तीन वेळा माझ्याकडे तोच फोन येतो: "साहेब कोकणात गेलेत, बदली लावलीये, तरी पीओ रिलीज होत नाहीत." गेल्या काही वर्षांत हा बिघाड मी इतक्यांदा सोडवलाय की आता फोनवरच्या पहिल्या दोन वाक्यांत घोळ कुठे आहे ते साधारण कळतं. जुन्या पद्धतीच्या रिलीज स्ट्रॅटेजीवर पीओ मंजूर होत असतील आणि मंजुरी इनबॉक्समधून फिरत असेल, तर खालचं सगळं तुमच्याकडेही लागू पडेल. पडदे आवृत्तीप्रमाणे थोडे वेगळे दिसतील.

आधी लक्षण ओळखा

चार तक्रारी येतात, आणि प्रत्येकीचं मूळ वेगळं असतं.

पहिली: बदलीच्या इनबॉक्समध्ये काहीच आलेलं नाही. साहेबांकडे सतरा पीओ पेंडिंग, डेप्युटीचा पडदा मात्र कोरा.

दुसरी: पीओ दिसतो, उघडतो, पण रिलीज होत नाही. बटणच येत नाही किंवा अधिकार नसल्याचा संदेश येतो.

तिसरी: सगळं रिलीज होतंय, जरा जास्तच होतंय. दोन लाखांपर्यंतच्या सह्या करायला सांगितलेल्या माणसाने साडेनऊ लाखांचा पीओ सोडलेला असतो. याची तक्रार रजेच्या काळात कुणीच करत नाही, ती ऑडिटमध्ये निघते.

चौथी: साहेब रजेवर, पण रिलीजच्या नोंदीत नाव साहेबांचंच. म्हणजे पासवर्ड दिला गेलाय. हा तांत्रिक बिघाड नसला तरी यादीत ठेवतो, कारण पहिल्या दोन तक्रारी वेळेत सुटल्या नाहीत की लोक हमखास याच वाटेला जातात.

पहिली तपासणी: तारखा आणि एक टिक

याला दोन मिनिटं लागतात आणि खर्च शून्य. पहिल्या तक्रारीतल्या निम्म्याहून जास्त केसेस माझ्याकडे इथेच सुटतात.

साहेबांनी स्वतःच्या लॉगिनमधून SBWP उघडून `Settings > Workflow settings > Maintain substitute` इथे बदलीचं नाव घातलेलं असतं. त्या नोंदीत कधीपासून कधीपर्यंत ही तारीख असते आणि बदली चालू आहे की नुसती नेमून ठेवली आहे हे सांगणारी `Substitution active` ही टिक असते. टिक असेल तर साहेबांची कामं बदलीच्या इनबॉक्समध्ये आपोआप दिसतात. नसेल तर बदलीला स्वतः SBWP मध्ये जाऊन `Adopt substitution` करावं लागतं, तोवर काहीच दिसत नाही. साहेब टिक न करता गावी निघतात, डेप्युटीला काही स्वीकारायचं असतं हेच माहीत नसतं, आणि दोघेही आपापल्या बाजूने बरोबर असतात.

ज्यांच्याकडे मंजुरी फिओरीच्या `My Inbox` मध्ये होते, तिथेही हेच दोन प्रकार `Planned` आणि `Unplanned` या नावांनी आहेत. दुसऱ्या प्रकारात बदलीने स्वतः चालू केल्याशिवाय कामं येत नाहीत.

तारखेत एक खोच आहे. शेवटची तारीख हाताने घातली नाही, तर तिथे 31.12.9999 राहून जाते. बदली चालते, कुणाला काही खटकत नाही. मग पुढच्या वर्षी कुणीतरी विचारतं, की स्टोअरमध्ये बदली होऊन गेलेल्या माणसाला खरेदीच्या मंजुऱ्या अजून का दिसतात. म्हणून नवी बदली लावायला बसलात की जुन्या नोंदी आधी बघा. साहेबांच्या नावावर आजवर किती बदल्या लागून राहिल्यात हे HRUS_D2 या टेबलमध्ये एका नजरेत दिसतं. बघायचंच, तिथे हात लावायचा नाही.

आणखी एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. बदली लावल्याने साहेबांचा इनबॉक्स रिकामा होत नाही. तीच कामं दोघांनाही दिसतात आणि जो आधी करेल त्याचं नाव लागतं. त्यामुळे "आधीचे पेंडिंग पीओ फॉरवर्ड करावे लागतील का" याचं उत्तर नाही असंच आहे. बदली लागण्यापूर्वी आलेले पीओही बदलीला दिसतात, वेगळं काही करावं लागत नाही.

दुसरी तपासणी: प्रोफाइल आणि जुना इनबॉक्स

तारखा ठीक, टिक ठीक, तरी पडदा कोरा असेल तर त्याच नोंदीतला प्रोफाइलचा रकाना बघा. कोणत्या प्रकारची कामं बदलीकडे जावीत हे तो ठरवतो. कुणीतरी तिथे कर्मचारीविषयक कामांचा प्रोफाइल निवडलेला असतो. मग रजेचे अर्ज डेप्युटीकडे येतात आणि पीओ येत नाहीत. हे चित्र दिसलं की दुसरं काही शोधायची गरज नाही.

प्रोफाइलही बरोबर असेल तर बदलीला `Refresh organizational environment` करायला सांगा, तेही त्याच `Workflow settings` मध्ये आहे. कोण कुठल्या पदावर, कुणाच्या हाताखाली, ही माहिती सॅप दर वेळी नव्याने वाचत नाही, साठवून ठेवतं. त्याच आठवड्यात कुणाचं पद बदललं असेल तर जुनंच चित्र दिसत राहतं.

बदलीची बदली यावर मात्र विसंबू नका. डेप्युटीही गौरीला दोन दिवस गेला आणि त्याने आपल्या जागी तिसऱ्याला लावलं, तर तिसऱ्याला डेप्युटीची स्वतःची कामं दिसतात. साहेबांची त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. साहेबांनी निघतानाच दोन नावं वेगवेगळ्या तारखांना लावणं हाच उपाय.

तिसरी तपासणी: इनबॉक्स दिला, अधिकार दिला का?

आता दुसरी तक्रार. पीओ दिसतो पण सुटत नाही. इथे जरा थांबतो, कारण बहुतेकांची समजूत इथेच चुकते.

SBWP मधली बदली फक्त काम दाखवते, सहीचा अधिकार देत नाही. साहेबांच्या टेबलावरची फाइल आणून डेप्युटीच्या टेबलावर ठेवली, इतकंच तिने केलं. फाइलवर सही करायचा हक्क डेप्युटीच्या स्वतःच्या आयडीला असायला लागतो, आणि पीओच्या बाबतीत तो M_EINK_FRG या ऑथरायझेशन ऑब्जेक्टमधून मिळतो. त्यात रिलीज ग्रुप (FRGGR) आणि रिलीज कोड (FRGCO) अशी दोन फील्ड असतात. डेप्युटीच्या रोलमध्ये तो कोड नसेल तर बदली कितीही नीट लावा, पीओ हलणार नाही.

तपासायची रीत सोपी आहे. डेप्युटीला पीओ रिलीज करायचा प्रयत्न करायला सांगा आणि अडला की लगेच, त्याच आयडीवरून SU53 चालवायला सांगा. शेवटचा कोणता अधिकार कमी पडला ते तिथे दिसतं. मध्ये दुसरं काही उघडलं तर भलतंच काही दिसू शकतं, म्हणून 'लगेच' हा शब्द मी फोनवर दोनदा म्हणतो.

2025 च्या गणपतीतली केस सांगतो. खरेदी मॅनेजर 25 ऑगस्ट ते 3 सप्टेंबर रजेवर. बदली वेळेत लावलेली, टिक होती, दोन्ही तारखा होत्या. डेप्युटीला तेवढ्याच दिवसांसाठी रिलीजचा रोलही शनिवारीच देऊन ठेवलेला. मंगळवारी, 26 तारखेला, बेअरिंगचा 1.62 लाखाचा पीओ अडला. सप्लायर रिलीज झालेल्या पीओशिवाय माल सोडत नव्हता आणि बुधवारी गणेश चतुर्थी. SU53 मध्ये M_EINK_FRG आणि कोड D1. SU01 मध्ये बघितलं तर रोल लागलेला, तारखाही बरोबर. रोल आहे आणि अधिकार नाही!

कारण असं. तारखा घालून दिलेला रोल त्या दिवशी आपोआप जिवंत होत नाही. PFCG_TIME_DEPENDENCY नावाचा एक जॉब रोज रात्री चालतो आणि आज कुणाचा रोल सुरू झाला, कुणाचा संपला हे जुळवून घेतो. तो जॉब शनिवारपासून बंद पडलेला होता. बेसिसच्या माणसाने PFUD मधून त्या एका यूजरची जुळणी केली, डेप्युटीने बाहेर पडून पुन्हा लॉगिन केलं आणि पीओ सुटला. पुन्हा लॉगिन करणं विसरू नका. आधीपासून उघड्या असलेल्या सेशनमध्ये नवा अधिकार दिसला नाही की लोक समजतात उपाय चुकला.

पीओ सुटल्यावर सगळे खूश झाले. मला मात्र जास्त काळजी 4 सप्टेंबरची होती. जॉब बंदच राहिला असता तर रोलची मुदत कागदावर 3 तारखेला संपली असती आणि अधिकार डेप्युटीकडे तसाच राहिला असता. बेसिसकडून जॉब सुरू करून घेतला, आणि 4 तारखेला सकाळी डेप्युटीलाच मुद्दाम एक पीओ रिलीज करून बघायला सांगितला. झाला नाही. मग फाइल बंद केली.

चौथी तपासणी: मर्यादा खरंच लागली आहे का

हे सगळ्यात अवघड, कारण इथे पडदा सगळं छान असल्याचं सांगतो.

"दोन लाखांपर्यंत डेप्युटी बघेल" हे साहेब ईमेलमध्ये लिहून जातात. सॅपला ते ईमेल वाचता येत नाही. M_EINK_FRG मध्ये रकमेचं फील्डच नाही, तिथे फक्त कोड असतो. रक्कम ठरते ती रिलीज स्ट्रॅटेजीत, पीओच्या मूल्यावरून. त्यामुळे साहेबांचा कोड डेप्युटीला दिला की त्या कोडवर साहेब जे जे सोडू शकतात ते सगळं डेप्युटी सोडू शकतो.

आमच्याकडे पूर्वी दहा लाखांपर्यंत एकच कोड होता, M1. त्यावरची रक्कम असेल तर आधी M1 आणि मग प्लांट हेडचा H1. रजेत डेप्युटीला M1 दिला जायचा आणि दोन लाखांची मर्यादा तोंडी असायची. एकदा 9.4 लाखांचा पीओ त्याच्या नावावर सुटला. बिचाऱ्याने मुद्दाम काही केलं नव्हतं. इनबॉक्समध्ये आलेल्या ओळीने रिलीज करत गेला.

मग कोड फोडले. दोन लाखांपर्यंतच्या पीओला D1, दोन ते दहा लाखांना M1, त्यापुढे M1 आणि H1. साहेबांकडे D1 आणि M1 दोन्ही असतात, रजेत डेप्युटीला फक्त D1 मिळतो. मोठा पीओ त्यालाही इनबॉक्समध्ये दिसतो, रिलीज होत नाही, आणि त्याने तो प्लांट हेडना कळवायचा. प्लांट हेडकडे M1 रजेपुरता द्यायचा की साहेब येईपर्यंत थांबायचं हे त्यांनी आधी ठरवून ठेवलेलं असतं. दिवस उजाडल्यावर ठरवायला बसलं की पासवर्डचा विषय निघतोच.

हे कोड फोडायचं काम रजेच्या आठवड्यात करू नका. रिलीज स्ट्रॅटेजी बदलली तर आधीपासून अडकलेल्या पीओंचं काय होतं हे आधी टेस्ट सिस्टिममध्ये बघावं लागतं, आणि हे काम कन्सल्टंटचंच.

तुमच्याकडे कोड वेगळे नसतील तर स्वस्त उपाय एकच उरतो: अधिकार न देता फक्त बदली लावणं. डेप्युटी पीओ बघून, कागद तपासून ठेवतो, रिलीज प्लांट हेड करतात. वेळ जास्त लागतो, पण दहा दिवसांत काही बिघडत नाही.

मर्यादा लागली तरी तिला वळसा घालता येतो. 3.6 लाखांच्या पीओचे 1.8 लाखांचे दोन करायचे, सप्लायर तोच, तारीख तीच. साहेब परतल्यावर ME2L मध्ये सप्लायरप्रमाणे रजेचे दिवस टाकून यादी बघा. अशा जोड्या शेजारीशेजारीच दिसतात. कधीकधी त्याला खरंखुरं कारणही असतं, दोन वेगळ्या प्लांटचा माल वगैरे. म्हणून आधी विचारा.

आणि स्वतः केलेला पीओ स्वतःच सोडणं. डेप्युटी एरवी पीओ तयार करणाराच असतो, रजेत तो मंजूर करणाराही होतो. जुन्या रिलीज पद्धतीत हे सॅप आपोआप अडवत नाही. आम्ही त्या दहा दिवसांत डेप्युटीचा पीओ तयार करायचा अधिकार काढून घेतो. माणसं कमी असतील आणि तेही जमत नसेल, तर EKKO मधलं ERNAM, म्हणजे पीओ कुणी तयार केला ते, आणि रिलीज करणाऱ्याचं नाव हे परतल्यावर शेजारी ठेवून बघायचं.

नोंदी: निघताना एक कागद, परतल्यावर एक यादी

निघताना साहेबांनी एक ईमेल करायचा, डेप्युटीला, प्लांट हेडना आणि फायनान्सला. त्यात कुणाला, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कितीपर्यंत आणि काय करायचं नाही एवढंच. आमच्याकडे 'काय करायचं नाही' मध्ये नवा सप्लायर, दर बदललेले पीओ आणि आगाऊ रक्कम असलेले पीओ येतात. ईमेलमधल्या तारखा, SBWP मधल्या तारखा आणि रोलच्या तारखा एकच हव्यात. हे मी स्वतः तिन्ही ठिकाणी बघतो, कारण वेगवेगळे लोक भरतात आणि कुणीतरी एक दिवस इकडेतिकडे करतोच.

परतल्यावरची यादी अशी काढा:

```
SE16N -> CDHDR
OBJECTCLAS = EINKBELEG
USERNAME   = डेप्युटीचा आयडी
UDATE      = 25.08.2025 ते 03.09.2025
```

यात पीओतले सगळे बदल येतात. रिलीजचे वेगळे काढायला तेच बदल-क्रमांक CDPOS मध्ये टाकून FNAME ला FRGZU असलेल्या ओळी बघा. टेबलं बघायची परवानगी नसेल तर ME23N मध्ये एकेका पीओच्या हेडरमधले बदल बघूनही काम होतं, वेळ जास्त जातो इतकंच. साहेब ही यादी वाचून त्याच ईमेलला उत्तर म्हणून "बघितलं" असं लिहितात आणि मालिका एका जागी राहते.

2023 नंतर याचं वजन वाढलंय. 1 एप्रिल 2023 पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद न करता येणारा ऑडिट ट्रेल असणं नियमाने बंधनकारक आहे, आणि त्यावर ऑडिटरला आपल्या अहवालात लिहावं लागतं. डेप्युटीने साहेबांच्या पासवर्डने पीओ सोडला तर ट्रेल पूर्ण असतो, फक्त त्यातलं नाव खोटं असतं. साहेब मालवणला आणि रिलीज चाकणच्या कॉम्प्युटरवरून, हे ऑडिटरच्या चटकन लक्षात येतं.

इथे थांबा आणि दुसऱ्याला बोलवा

साहेब बदली न लावताच गेले आणि फोन लागत नाही: SWIA मधून अॅडमिनिस्ट्रेटर काम दुसऱ्याकडे पाठवू शकतो. तुमच्याकडे तो अधिकार असला तरी स्वतःहून करू नका. प्लांट हेडचा लेखी निरोप घ्या आणि वर्कफ्लो बघणाऱ्याकडूनच करवून घ्या. नोंदीत अॅडमिनिस्ट्रेटरचं नाव येतं आणि नंतर त्यालाच उत्तर द्यावं लागतं.

SU53 मध्ये अधिकार कमी दिसला: रोल सिक्युरिटी टीमच देईल. घाईत कुणाच्या तरी रोलची नक्कल लावली तर नको ते दहा अधिकार सोबत येतात.

रोल, तारखा, लॉगिन सगळं नीट असून रिलीज होत नसेल तर प्रश्न स्ट्रॅटेजीच्या मांडणीत आहे. एक दिवस घालवून झाला असेल तर दुसरा घालवू नका, कन्सल्टंटला द्या.

मर्यादेबाहेरचा पीओ सुटला आणि सप्लायरला गेलाही: ME29N मध्ये रिलीज मागे घेऊन बसू नका. सिस्टिममध्ये तो परत फिरतो, सप्लायरच्या ईमेलमधून नाही. आधी फायनान्सला आणि प्लांट हेडना सांगा, सप्लायरशी कोण बोलणार ते त्यांना ठरवू द्या.

पासवर्ड दिल्याचं कळलं: पासवर्ड बदलायला लावा, त्या दिवसांची यादी जशी आहे तशी काढून ठेवा आणि इंटर्नल ऑडिटला कळवा. नोंदी 'नीट' करायला कुणी सांगितलं तर ते काम तुमचं नाही.